लेखांक ६ : कुणाच्या तुलनेत आणि किती काळ?

केळापूर तालुक्यातल्या एखाद्या केंद्राची शिक्षण परिषद भरली आहे असं समजा. एक शिक्षक उपक्रम मांडतात. चौथीतली वजाबाकीत सर्वांत मागे असलेली १५ मुलं त्यांनी निवडली आणि जुलै ते जानेवारी रोज एक तास काड्यांचे गठ्ठे घेऊन हातच्याची वजाबाकी शिकवली. पूर्वचाचणीत २० पैकी सरासरी ५ गुण होते, उत्तरचाचणीत ११ झाले. टाळ्या पडतात. मेहनत खरी आहे, पण हे ६ गुण त्या तासामुळे वाढले का, हे एवढ्यावरून कळत नाही.

त्या सात महिन्यांत वर्गातही गणित शिकवलं गेलंच. शिवाय निवड तळातून झाली. त्या १५ जणांत एखादा ताप अंगावर घेऊन पेपरला बसला असेल, घरी कोलामी बोलणाऱ्या एखाद्या मुलीला शाब्दिक उदाहरणातलं मराठीच उलगडलं नसेल. अशी मुलं पुन्हा बसवली की काही न करताही काहींचे गुण चढतात. त्यात जानेवारी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. आईबापांबरोबर गेलेली मुलं उत्तरचाचणीला नसतील आणि नेमकी तीच सर्वांत कच्ची असतील, तर कुणी काही न शिकताही सरासरी वर जाते. म्हणून सादरकर्त्याला आधी हे विचारावं: दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच सरासरी किती, आणि गळालेल्या मुलांचे पूर्वचाचणीचे गुण किती होते?

मग तुलनेचा गट. शेजारच्या गावची शाळा घेतली, असं उत्तर बऱ्याचदा येतं. पण पांढरकवड्यातल्या शाळेची तुलना आडबाजूच्या पोडावरल्या शाळेशी केली, तर उपक्रमाआधीच दोघींत अंतर असतं. आणि स्वतःहून उपक्रम हाती घेणारे गुरुजी मुळातच हौशी, त्यांचा वर्ग एरवीही पुढेच असता. निवड चिठ्ठ्या टाकून झाली का, हे विचारलं पाहिजे. यावर ठरलेला आक्षेप येतो, की अर्ध्या शाळांना उपाशी कसं ठेवायचं?

याचं उत्तर ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात आहे. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं बसवून वाचन आणि अंकगणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी त्याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बडोद्यात चिठ्ठीने काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, बाकीच्या शाळांत चौथीला. रिकाम्या हाताने एकही शाळा राहिली नाही. एका गटातल्या तिसरीची तुलना दुसऱ्या गटातल्या, बालसखी नसलेल्या तिसरीशी करता आली, चौथीचंही तसंच. केंद्रातल्या दहा-बारा शाळांत ही मांडणी सहज जमेल, इतक्या थोड्या शाळांवरून छाती ठोकून मात्र काही सांगता येणार नाही.

दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी असलेल्या वर्गांची सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वर होती. १०० मुलं गुणांप्रमाणे तळापासून उभी केली, तर ५०वा मुलगा साधारण ६१व्या जागी पोचेल एवढा हा फरक. हा आकडा पूर्ण वर्गाचा, बालसखीकडे न गेलेली मुलंही त्यात धरून, आणि प्रामाणिक हिशेब तो हाच. वाढ मुख्यतः तळातल्या मुलांची होती. निम्मा वर्ग बाहेर गेल्याने उरलेल्यांना शिक्षकांचं जास्त लक्ष मिळालं असेल असं वाटतं, पण त्यांच्या गुणांत तसा फायदा दिसला नाही.

उपक्रम संपून वर्ष झालं, पुन्हा चाचणी झाली. मागे असलेल्या मुलांत फरक शिल्लक होता, पण सुमारे ०.१० एवढाच. बहुतेक सादरीकरणं शेवटच्या तासानंतरच्या आठवड्यातच थांबतात, त्यामुळे ही ओहोटी त्यांना दिसतच नाही. आणि ती दिसली तरी पुढचा प्रश्न उरतो: मुलं शिकलेलं विसरली, की तुलनेच्या गटाने त्यांना गाठलं? दोन्ही गटांना त्याच काठिण्याची चाचणी पुन्हा दिली आणि प्रत्येकाचे गुण वेगवेगळे मांडले, तरच हे उलगडतं. उपक्रमाच्या गटाचे गुण ११ वरून ८ वर आले, तर शिकवण्यात सराव कमी पडला. ते ११ वरच राहिले आणि दुसरा गट ७ वरून १० वर आला, तर उपक्रमाने मुलांना तीच गोष्ट लवकर शिकवली. निदान वेगळं, उपायही वेगळा.

माझ्या मते पुढची चाचणी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एकदा आणि त्यानंतरच्या जानेवारीत एकदा व्हावी. अडचण मुलं सापडण्याची आहे. चौथीपर्यंतच्या शाळेतली मुलं पाचवीला दुसऱ्या गावी जातात, काही आश्रमशाळेत. म्हणून जुलैतच दोन्ही गटांची नावनिशीवार यादी करून ठेवावी आणि एप्रिलअखेर दाखले देताना मूल कुठल्या शाळेत चाललं, ते तिच्यात लिहून घ्यावं. मग केंद्रप्रमुखांना विचारता येतं: यादीतली किती मुलं पुन्हा सापडली, आणि न सापडलेली कुठल्या गटातली होती?