क्रेडिट नाकारलं? आधी तारीख पाहा

एका हार्डवेअर दुकानदाराने मार्च 2021चं जीएसटी विवरणपत्र 15 नोव्हेंबर 2021ला भरलं. उशीर झाला म्हणून दोन लाखांचं इनपुट टॅक्स क्रेडिट नाकारलं गेलं. आदेश 12 फेब्रुवारी 2025ला हाती पडला. अपिलाची मुदत त्या दिवसापासून तीन महिने, म्हणजे 12 मेपर्यंत. त्यापुढे सबळ कारण दाखवलं, तरच आणखी एक महिना मिळतो.

मुद्दा नेमका मांडावा : ‘कलम 16(5)नुसार 2020-21चं क्रेडिट 30 नोव्हेंबर 2021पर्यंत भरलेल्या विवरणपत्रात घेता येतं, आदेशात हे कलम विचारात घेतलेलं नाही.’ सोबत विवरणपत्राची पोच आणि खरेदीची बिलं जोडावीत. वादग्रस्त कराचे दहा टक्के, इथे वीस हजार रुपये, आधी भरावे लागतात. त्याशिवाय अपील दाखल होत नाही.