एलटीटीबाहेर, रात्री दोन वाजता

उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून मुंबईला येणाऱ्या अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या सीएसएमटीला जातच नाहीत, त्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. १९९१ साली हे स्थानक सुरू झालं तेव्हा त्याचं नाव कुर्ला टर्मिनस होतं, आणि पुष्कळ जण अजूनही त्याला तेच म्हणतात. त्यामुळे नवखा प्रवासी समजून चालतो की आपण कुर्ल्याला उतरलो, म्हणजे लोकल समोरच असणार. प्रत्यक्षात कुर्ल्याचं लोकल स्टेशन तिथून सामान घेऊन वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे. हार्बर मार्गावरचं टिळकनगर त्याहून जवळ आहे, पण तिकडची वाट नवख्याला सहज सापडत नाही. दिवसा या अंतराचं काही वाटत नाही. गाडी दोन तास उशिरा येऊन रात्री दोनला टेकली, तर प्रश्न उभा राहतो: बॅगा घेऊन चालत निघावं का?

माझं उत्तर घड्याळावर अवलंबून आहे. रात्री साडेअकरा-बाराला तुमच्याबरोबर गाडीतली शे-दोनशे माणसं त्याच दिशेने निघालेली असतात, चहाच्या टपऱ्या चालू असतात, लोकलही मिळते. त्या लोंढ्याबरोबर खुशाल चालावं. साधारण एक ते चार या वेळात मात्र लोकल बंद असतात. म्हणजे धडपड करून कुर्ला स्टेशनला पोचलात तरी पुढे करणार काय? उजेडातला, पोलीस असलेला एक फलाट सोडून दुसऱ्या स्टेशनच्या दारात बसायचं, आणि मधला अंधार फुकट ओलांडायचा! अशा वेळी चालत निघण्यात धोका किती, याआधी फायदा काय, हे विचारलं तर निम्मे लोक बाकावरून उठणारच नाहीत.

धोका नेमका कुठे असतो, हेही बघायला हवं. स्टेशनबाहेर पथारी पसरून झोपलेल्या माणसांना बघून पुष्कळ जण बॅग छातीशी धरतात. ती माणसं बहुतेक वेळा तुमच्यासारखीच असतात. कुणाची पहाटेची गाडी आहे, कुणी हमाल आहे, कुणी रिक्षा बाजूला लावून डुलकी काढतोय. उठाईगिराला झोपून चालत नाही. त्याचं लक्ष असतं थबकलेल्या माणसाकडे. दरवाजातून बाहेर पडून उजवीकडे की डावीकडे असा विचार करत उभा राहिलेला, एका हातात मोबाईलचा नकाशा, दुसऱ्या हातात बॅगेचा दांडा, खांद्यावरून घसरणारी पिशवी आणि पायाशी ठेवलेला तिसरा डाग. बाहेर पडल्यावरची ही दोन-तीन मिनिटं पुढच्या सगळ्या रस्त्यापेक्षा वाईट. म्हणून नकाशा बघणं, फोन लावणं, भाड्याचे पैसे वेगळे काढणं ही कामं फलाटावरच, भिंतीला पाठ लावून उरकून घ्यावीत आणि मगच बाहेर पाऊल टाकावं.

दुसरी गोष्ट हातांची. एका माणसाला रात्री सांभाळता येतात ते डाग दोन: पाठीवर एक, हातात एक. तिसरा आला की एक तरी बॅग काही क्षण नजरेआड होणारच. चाकांच्या बॅगेचंही तेच. फलाटाच्या गुळगुळीत फरशीवर ती लोण्यासारखी चालते. बाहेर उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र तिचा खडखडाट पन्नास पावलांवर ऐकू जातो, आणि चाक फटीत अडकलं की माणूस वाकून दोन्ही हातांनी ती ओढू लागतो. त्या वेळी खांद्यावरची पिशवी पुढे लोंबकळत असते आणि खिशातला फोन अर्धा बाहेर आलेला असतो. चोराला याहून जास्त काही लागत नाही. शक्य असेल तर अशा तुकड्यात बॅग उचलूनच न्यावी. ती उचलवत नसेल, तर हे सामान घेऊन रात्री चालायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

रस्त्यावर मोबाईल किंवा गळ्यातलं हिसकावणारे बहुतेक दुचाकीवरून, मागून येतात. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चाललं की जवळून जाणारी वाहनं समोरून येताना दिसतात. पर्स आणि फोन रस्त्याच्या उलट बाजूच्या हातात ठेवावा. पिशवीचा पट्टा गळ्यातून आडवा घातला असेल आणि कुणी झटका दिला, तर पिशवी सोडून द्यावी. पट्ट्यासकट माणूस फरफटत जातो. कायद्यानेही आता हा प्रकार वेगळा ओळखला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्यासाठी ३०४ हे स्वतंत्र कलम आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

जबरदस्तीपेक्षा बोलण्यात गुंतवून होणारी चोरी मात्र जास्त फसवी. ‘काका, तुमच्या शर्टाला मागे काहीतरी लागलंय’, ‘ताई, या नोटा तुमच्या पडल्या का?’ अशी सुरुवात झाली की मान वळते आणि बॅग जाते. वयस्कर माणसांसाठी तोतया पोलिसांचा जुना डाव आहे. साध्या वेशातला माणूस कार्डासारखं काहीतरी झटकन दाखवतो, पुढे चोरी झालीय म्हणतो आणि दागिने काढून पुडीत ठेवायला सांगतो. पुडी तो स्वतःच बांधून देतो, आणि घरी उघडल्यावर आत खडे निघतात. खरा पोलीस कुणालाही रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. असं कुणी म्हणालं तर ‘चला, चौकीवर जाऊन काढते’ एवढंच म्हणायचं आणि स्टेशनच्या दिशेला वळायचं. हमालाचंही ओळखायचं चिन्ह ठरलेलं आहे: लाल सदरा आणि दंडावर क्रमांक असलेला बिल्ला. बिल्ल्याचा नंबर मोठ्याने वाचून मगच डाग द्यावा, आणि हमालाच्या मागे न राहता बरोबरीने चालावं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. समजा नवरा-बायको, बरोबर सत्तरीची आई, तीन बॅगा आणि एक पिशवी. गाडी १.५० ला आली. जायचंय ठाण्याला, म्हणजे साधारण १८ किलोमीटर. डब्यातून उतरताच फलाटावरच दोघे-तिघे ‘कुठं जायचंय?’ म्हणत येतात आणि एक जण बॅगेच्या दांड्याला हात घालतो. आठशे रुपये सांगतो. फेब्रुवारी २०२५ च्या दराप्रमाणे रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. उरलेल्या साडेसोळा किलोमीटरचे सुमारे २८३ आणि पहिले २६ धरून ३०९ झाले. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत पाव पट जास्त, म्हणजे एकूण ३८६ च्या आसपास. आठशे म्हणजे दुपटीहून अधिक. हा हिशेब तोंडी माहीत असलेल्या माणसाशी चालक वेगळ्या सुरात बोलतो. पण पैशाइतकंच महत्त्वाचं हे की फलाटावर येऊन दांडा धरणाऱ्याची रिक्षा कुठे उभी आहे ते आपल्याला दिसत नसतं. तो अंधारातून दोनशे पावलं नेतो आणि आपण त्याच्यामागे जातो. रिक्षा घ्यायची तर दारासमोरच्या रांगेतली, जिचा नंबर आधी वाचता येतो ती.

यांनी ॲपवरून टॅक्सी बोलावली, तर बरेचदा चालकाचा फोन येतो: ‘आत येत नाही, बाहेर मेन रोडला या.’ जे चालणं टाळायचं म्हणून टॅक्सी बोलावली, ते चालणं इथे परत वाट्याला येतं. मी असतो तर त्याला दाराशी यायला सांगितलं असतं. नाही म्हणाला तर रद्द करून दुसरी बघितली असती. रद्द करण्याचे पैसे लागले तर लागू देत. आईला आणि बॅगांना एकाच जागी बसवून एकट्याने बाहेर जाऊन गाडी शोधणं, हा बहुतेक घरांत होणारा उपायही बरा नाही. सामानाजवळ धडधाकट माणूस राहिलं पाहिजे आणि गाडी दारात आल्यावरच तिघांनी मिळून उठलं पाहिजे.

आणि काहीच जमलं नाही, तर थांबावं. चारनंतर सीएसएमटीहून पहिली लोकल सुटते आणि अर्ध्या तासात कुर्ल्याला येते. म्हणजे दोनला उतरलेल्या माणसाला दोन-अडीच तास काढायचे आहेत. तिकीट फेकून देऊ नका, कारण प्रतीक्षालयात ते विचारतात. बसायचं तर फलाटाच्या रिकाम्या टोकाला नको. चालू असलेला स्टॉल किंवा रेल्वे सुरक्षा दलाचा माणूस दिसेल तिथे बसावं. बॅगेचा पट्टा पायाला अडकवावा, साखळी असेल तर बाकाला कुलूप लावावं, आणि तिघांनी एकदम झोपू नये. शेजारच्याने प्रेमाने दिलेला चहा-बिस्कीट नम्रपणे नाकारावा. गुंगीचं औषध घालून लुटण्याचे प्रकार रेल्वेत जुने आहेत. सामान जास्त असेल आणि पहाटे परत यायचं असेल, तर क्लोकरूम बघावी. तिथे तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, म्हणून दोन छोटी कुलपं बॅगेत असू द्यावीत.

काही घडलंच, तर स्टेशनच्या हद्दीत रेल्वेचा १३९ आणि बाहेर ११२ हे नंबर चालतात. हद्दीवरून मात्र घोळ होतो. स्टेशनच्या आत गुन्हा घडला तर तो लोहमार्ग पोलिसांचा, दरवाजाबाहेर शहर पोलिसांचा, आणि बॅग तर नेमकी दरवाजातच गेलेली असते. ‘आमच्याकडे नाही, तिकडे जा’ असं कुणी सांगितलं तर झिरो एफआयआरची मागणी करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार हद्द कुठलीही असली तरी पोलीस ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायची असते. ती योग्य ठाण्याकडे पाठवणं हे त्यांचं काम. फोन गेला असेल तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि सिम कंपनीला कळवावं, मग तक्रारीची प्रत घेऊन ceir.gov.in वर आयएमईआय क्रमांकाने तो हँडसेट बंद करून घ्यावा. हा पंधरा आकडी क्रमांक फोनवर *#06# दाबलं की दिसतो. फोन गेल्यावर तो बघणार कुठे, म्हणून निघायच्या आधीच घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवावा.