‘पत्ता कुठून मिळाला?’

फ्लॅटची चावी हातात पडून आठवडा होत नाही, तोच मॉड्युलर किचनवाल्याचा फोन येतो. त्याला तुमचं नाव, विंग, मजला सगळं ठाऊक असतं. तुम्ही विचारता, “माझा पत्ता कुठून मिळाला?” पलीकडचा पोरगा चाचरतो. “मॅडम, आमच्या सिस्टिमला आहे ना.”

नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले आणि चर्चा रंगली ती अडीचशे कोटींपर्यंतच्या दंडाची. मला मात्र या चाचरण्यात जास्त रस आहे. पुण्यात ट्रॉल्या आणि वॉर्डरोब विकणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ नव्या पोरांना आधी याच प्रश्नाची तालीम देतात. स्वतः चिडलेलं गिऱ्हाईक होऊन बसतात. “तुम्हीच कुठेतरी फॉर्म भरला असेल” असं पोरगं म्हणालं, की तिथंच थांबवतात. “त्यानं भरलेला नसतो आणि ते त्याला पक्कं माहीत असतं. पुढचं तुझं एकही वाक्य तो खरं मानणार नाही.”

त्यांच्या दुकानात घडलेला एक प्रसंग ते सांगतात. वाकडच्या एका नव्या इमारतीत फोन गेला, तेव्हा फ्लॅटमालकानं हाच प्रश्न केला. विक्रेत्यानं उत्तर दिलं, “सर, इंडेक्स टू सरकारी साइटवर सगळ्यांना दिसतो.” हे खरंच आहे. घराचा करारनामा नोंदवला की त्याची सूची क्रमांक दोन तयार होते. तिच्यात खरेदीदाराचं नाव, पत्ता, मिळकतीचं वर्णन असतं. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार ती फी भरून कुणालाही पाहता येते. मालक निघाला वकील. त्यानं शांतपणे विचारलं, “त्यात मोबाइल नंबर कुठं असतो?”

नसतोच. नंबर साइट ऑफिसातल्या एका माणसानं यादी करून दिला होता. खऱ्या उत्तराच्या आडोशाला दुसरं उत्तर दडवलं होतं, आणि माझ्या मते ते उघड थापेपेक्षा वाईट. म्हणून हे गृहस्थ आता प्रत्येक गोष्टीचा उगम वेगळा सांगायला लावतात. “नाव आणि फ्लॅट नंबर इंडेक्स टूमधून घेतला. मोबाइल साइटवरच्या एकाकडून मिळाला, त्यासाठी तुमची परवानगी घेतलेली नव्हती. नंबर काढून टाकू का?” एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. लगेच डिस्काउंटवर आलात तर सगळं मुसळ केरात.

दुकानातल्या रजिस्टरला त्यासाठी ‘कुठून’ आणि ‘कधी’ असे दोन रकाने आहेत. रकाना कोरा असेल तर “आत्ता माहीत नाही, संध्याकाळपर्यंत शोधून कळवतो” असं सांगायचं आणि खरंच कळवायचं. नंबर शेजारच्या काकूंनी दिला असेल, तर त्यांचं नाव परस्पर फोडायचं नाही. “तुमच्या ओळखीतून मिळाला, त्यांना विचारून नाव सांगतो” इतकंच. नाहीतर भांडण सोसायटीत लागतं.

कायद्याचा आधार इथं तोकडा आहे. कायद्यानंच जाहीर करायला लावलेली माहिती २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे इंडेक्स टूचा पत्ता बहुधा सुटतो. मोबाइल नंबर सुटत नाही. पण कलम ११ खाली माहिती मागण्याचा हक्क मिळतो तो आधी संमती दिलेल्याला, आणि त्यातही माहिती पुढे कुणाकुणाला दिली हे विचारता येतं. ती कुणाकडून आली, याचा उल्लेख नाही. संमती न देताच ज्याचा नंबर फिरला, त्याला हे कलम काय कामाचं? युरोपात उलट आहे. तिथं दुसऱ्याकडून मिळवलेल्या माहितीवरून संपर्क साधलात, तर उगम फार तर पहिल्या संपर्काच्या वेळी सांगावा लागतो. आपल्याकडच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायलाही मे २०२७ उजाडणार आहे. तोवर उत्तर देणाऱ्याच्या नियतीवर भिस्त.

नंबर काढून टाकण्यातही एक खोच आहे. वहीतून तो पार पुसला आणि महिन्याभरानं त्याच इमारतीची नवी यादी आली, की तोच नंबर परत आत शिरतो आणि त्याच माणसाला पुन्हा फोन जातो. यावर उपाय म्हणून नाव, पत्ता, मजला सगळं खोडून फक्त नंबर ‘फोन करू नये’ या वेगळ्या यादीत ठेवायचा आणि नवी यादी आधी तिच्याशी ताडून पाहायची. असा एक नंबर ठेवतो आहोत, हेही गिऱ्हाइकाला सांगायचं.

त्या वकिलाचा नंबर आज त्याच यादीत आहे. साइटवरून याद्या घेणं बंद केलंत का, असं मी गृहस्थांना विचारलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. “कमी केलंय,” म्हणाले.