ताळा जुळला, तरी गणित चुकलं

शेजारची मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा संध्याकाळी ती कॉस्टिंगची वही घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, ताळा करून बघितला, दोन्हीकडून जुळतोय. पण पुस्तकाच्या मागचं उत्तर वेगळं आहे. पुस्तकात चूक असेल का?"

पुस्तकं चुकतात, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मी आधी तिची वही वाचली आणि मग गणित. गणित चकली तयार करणाऱ्या एका लहान कारखान्याचं होतं. मार्च महिन्यात 2,000 किलो चकली 400 रुपये किलोने विकली गेली, म्हणजे 8,00,000 रुपयांची विक्री. खर्च असा: कच्चा माल 4,00,000, पॅकिंग 40,000, चकल्या पाडणाऱ्या बायकांची मजुरी 80,000, विक्री व वितरण 40,000, वीज 50,000, जागेचं भाडं 40,000, सुपरवायझरचा पगार 30,000, आणि यंत्राचा घसारा 'किलोमागे 20 रुपये'. एकूण खर्च 7,20,000, नफा 80,000. खाली बारीक अक्षरात फेब्रुवारीची थोडी माहिती होती: 1,500 किलो विक्री, तीही 400 रुपयांनीच, नफा 30,000, विजेचं बिल 40,000. विचारलं होतं ते असं, की ना नफा ना तोटा किती किलोला होईल आणि सुरक्षिततेची सीमा किती.

ज्यांनी हा विषय कधी शिकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काही खर्च माल वाढला की वाढतात आणि घटला की घटतात, जसं भाजणीचं पीठ आणि तेल. हे बदलते खर्च. काही खर्च एक चकली पाडली नाही तरी द्यावेच लागतात, जसं भाडं. हे स्थिर खर्च. एक किलोच्या किमतीतून त्या किलोचा बदलता खर्च वजा केला की जे उरतं ते अंशदान. ते आधी स्थिर खर्च भरून काढतं. स्थिर खर्च जिथे पूर्ण भरून निघतो तो समविच्छेदन बिंदू, म्हणजे आपला ब्रेक-इव्हन. आणि प्रत्यक्ष विक्री त्या बिंदूच्या जितकी पुढे आहे तितकी सुरक्षिततेची सीमा: एवढी विक्री पडली तरी तोटा होत नाही.

तिने कच्चा माल 200, पॅकिंग 20, मजुरी 40 आणि घसारा 20 असे किलोमागे 280 रुपये बदलत्या खर्चात धरले होते. अंशदान 120 रुपये, म्हणजे विक्रीच्या 30 टक्के. उरलेलं सगळं, भाडं, पगार, वीज आणि विक्री-वितरण, मिळून 1,60,000 स्थिर. भागाकार केला तर 1,333.33 किलो. किलो अपूर्णांकात असेल तर वरच्या आकड्याकडे जायचं, कारण 1,333 किलोला अजून थोडा तोटाच असतो. तिने 1,334 लिहिलं होतं, ते बरोबर. सुरक्षिततेची सीमा साधारण 667 किलो, म्हणजे विक्रीच्या 33.33 टक्के. पुस्तकात मात्र 1,200 किलो आणि 40 टक्के.

तिचे दोन ताळे असे. पहिला: 1,333.33 किलोला 120 ने गुणलं तर 1,60,000 येतात, तेवढाच स्थिर खर्च, नफा शून्य. दुसरा: सुरक्षिततेची सीमा रुपयांत 2,66,667, तिचे 30 टक्के काढले तर 80,000, जो प्रश्नात दिलेला मार्चचा नफा. दोन्ही जुळले. बहुतेक शिकवण्यांमध्ये हेच दोन ताळे शिकवतात, आणि आकडेमोडीची चूक त्यांनी नक्की सापडते. सीमेची टक्केवारी काढताना प्रत्यक्ष विक्रीऐवजी ब्रेक-इव्हनच्या विक्रीने भागणं ही फार नेहमीची चूक. तीही दुसऱ्या ताळ्यात उघडी पडते, कारण त्या टक्क्यांवरून परत नफ्याकडे येता येत नाही.

पण खर्च चुकीच्या टोपलीत पडला असेल, तर हे दोन्ही ताळे आंधळे आहेत. एखादा खर्च बदलत्यातून स्थिरात टाकला तरी मार्चचा एकूण खर्च 7,20,000 च राहतो आणि नफा 80,000 च. दुसरा ताळा त्याच मार्चच्या नफ्याशी तुलना करतो, त्यामुळे वाटणी कशीही केली तरी तो जुळणारच. पहिला ताळा तर आपणच काढलेला स्थिर खर्च आपल्याच अंशदानातून परत मिळवतो. खर्च कसा वागतो हे एकाच महिन्याच्या आकड्यांत दिसूच शकत नाही. त्यासाठी विक्री वेगळी असलेला दुसरा महिना लागतो, आणि तो प्रश्नात होता. तिने फेब्रुवारीच्या ओळी वाचल्याच नव्हत्या.

मी तिला म्हटलं, "तुझे आकडे घेऊन फेब्रुवारीचा नफा काढ."

1,500 गुणिले 120, वजा 1,60,000. उत्तर 20,000. प्रश्नात 30,000.

याच गोष्टीचं सूत्र पुस्तकात असतं: नफ्यातला फरक भागिले विक्रीतला फरक. विक्री 6,00,000 वरून 8,00,000 झाली, नफा 30,000 वरून 80,000. पन्नास हजार भागिले दोन लाख, म्हणजे 25 टक्के. तिचे 30 टक्के चूक आहेत हे इथे एका भागाकारात कळतं. एक अट मात्र लक्षात ठेवायची: या ताळ्यासाठी दोन्ही महिन्यांत किंमत तीच हवी, आणि माल पाडला तेवढाच विकलेला हवा. शिल्लक साठा वाढला-घटला आणि त्यात स्थिर खर्चाचा वाटा धरलेला असला, तर नफ्यातला फरक निव्वळ विक्रीमुळे राहत नाही.

"म्हणजे दहा हजारांची एक चूक आहे," ती म्हणाली. तसं वाटणं साहजिक आहे. पण ओळीओळीने गेलो तेव्हा तीन चुका निघाल्या.

पहिली घसाऱ्याची. 'किलोमागे 20 रुपये' हे शब्द पाहून तिने तो बदलता धरला. प्रश्नाच्या टिपेत मात्र घसारा सरळ रेषा पद्धतीने वर्षाला 4,80,000 असं स्पष्ट होतं. म्हणजे महिन्याला 40,000, मग चकली कितीही होवो. किलोमागे 20 हा आकडा फक्त 2,000 किलोला खरा आहे. फेब्रुवारीत तोच घसारा किलोमागे 26.67 पडतो. स्थिर खर्चाची खूणच ही, की एकूण आकडा जागेवर राहतो आणि किलोमागचा आकडा हलतो. प्रश्नकर्ते स्थिर खर्च मुद्दाम किलोमागे सांगतात ते याचसाठी. घसारा यंत्राच्या उत्पादनावर मोजला असता तर तोच खर्च बदलता ठरला असता. तेव्हा खर्चाचं नाव पाहून टोपली ठरवता येत नाही, तो कशावर मोजला आहे ते पाहावं लागतं.

दुसरी विक्री व वितरणाची. ही रक्कम ठोक दिसते, त्यामुळे ती कार्यालयीन खर्चासारखी वाटते. टिपेत लिहिलं होतं की हे विक्रेत्यांचं 5 टक्के कमिशन आहे. आठ लाखांचे 5 टक्के 40,000. म्हणजे पूर्णपणे बदलता, किलोमागे 20 रुपये.

तिसरी विजेची, आणि ही मला सगळ्यांत शिकवण्यासारखी वाटते, कारण हा खर्च कुठल्याच टोपलीत अख्खा बसत नाही. महावितरणचं बिल कुणीही हातात घेऊन बघावं: 'स्थिर आकार' वेगळ्या ओळीत असतो आणि युनिटप्रमाणे लागणारा 'वीज आकार' वेगळ्या. गणितात बिल फोडून दिलेलं नसतं, म्हणून दोन महिन्यांवरून फोडायचं. 500 किलो वाढले तेव्हा बिल 10,000 ने वाढलं, म्हणजे किलोमागे 20. मार्चमध्ये 2,000 किलोचे 40,000 झाले, उरले 10,000 स्थिर. हे 10,000 बिलावरच्या स्थिर आकाराएवढेच असतील असं नाही. कार्यालयातले दिवे-पंखे चकलीच्या किलोवर चालत नाहीत, त्यांची युनिटंही यातच येतात. दोनच महिने हाताशी असल्यामुळे त्यांतला एखादा महिना विचित्र असला, यंत्र बंद पडून विजेची भट्टी रिकामी तापत राहिली असली, तर ही फोड चुकते. प्रत्यक्ष कारखान्यात निदान वर्षभराची बिलं घ्यावीत.

मजुरी तिने बरोबर धरली होती, पण कारण विचारलं तर "मजुरी बदलतीच असते ना" असं उत्तर आलं. इथे बायकांना किलोवर पैसे मिळतात, म्हणून ती बदलती. त्याच बायका महिन्याच्या पगारावर असत्या तर ती स्थिराच्या बाजूला गेली असती.

आता नवी मांडणी. बदलते: 200, 20, 40, 20 कमिशन आणि 20 वीज, मिळून 300. अंशदान 100, म्हणजे 25 टक्के. स्थिर: भाडं 40,000, पगार 30,000, घसारा 40,000, वीज 10,000, मिळून 1,20,000. ब्रेक-इव्हन 1,200 किलो, सीमा 800 किलो, 40 टक्के. फेब्रुवारीचा नफा 1,50,000 वजा 1,20,000, म्हणजे 30,000. जुळलं.

तीन चुका असून फरक दहा हजारांचाच का आला, हे तिने स्वतः शोधलं. फेब्रुवारीसाठी तिच्या मांडणीत घसारा दहा हजारांनी कमी पडला होता, तर कमिशन आणि वीज प्रत्येकी दहा हजारांनी जास्त. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं, तिसरी उरली. फरकाच्या आकाराएवढी एकच चूक शोधत बसलं तर माणूस फसतो तो इथे.

कारखानदाराच्या बाजूने बघा. समजा, पुढच्या महिन्यात 1,300 किलोच माल उठणार आहे. तिच्या जुन्या हिशेबाने 4,000 रुपये तोटा, खऱ्या हिशेबाने 10,000 नफा.

मग तिने मैत्रिणीच्या वहीचा फोटो दाखवला. उत्तर 1,200 किलो, 40 टक्के, वर बरोबरची खूण. मैत्रिणीने वीज नीट फोडली होती, पण घसारा बदलत्यात आणि कमिशन स्थिरात धरलं होतं. दोन्ही मार्चमध्ये 40,000 चे, त्यामुळे अदलाबदल होऊनही बेरजा त्याच राहिल्या. फेब्रुवारीचा ताळासुद्धा जुळतो. या वहीतली चूक कुठलाही आकडा पकडू शकत नाही. प्रत्येक ओळीपुढे 'हा खर्च कशामुळे वाढतो' हे दोन शब्दांत लिहिलं असतं, तरच ती दिसली असती. पेपर तपासणाऱ्यांनी उत्तराआधी वर्गीकरणाचा तक्ता पाहावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नाचा शेवटचा भाग बाकी होता: किंमत 420 केली तर ब्रेक-इव्हन किती? कमिशन विक्रीच्या टक्क्यात आहे, त्यामुळे तेही किलोमागे 20 वरून 21 होतं. बदलता खर्च 301, अंशदान 119, उत्तर 1,009 किलो. मैत्रिणीच्या वहीत कमिशन स्थिर होतं, ते हललंच नाही. तिथे अंशदान 120 आणि उत्तर बरोबर 1,000 किलो आलं होतं. शेजारची मुलगी फोन उचलून मैत्रिणीला तेच सांगत खाली गेली.