एका टाकीचे पाणी, न्यायाचे वेगवेगळे हिशेब

न्याय म्हणजे काय, या प्रश्नावर राज्यशास्त्राच्या पदवी वर्गात सुरुवातीला फारसा वाद होत नाही. ज्याचे त्याला मिळणे म्हणजे न्याय, असे सगळेच म्हणतात. ‘ज्याचे’ म्हणजे नेमके काय हे ठरवायला बसले की वाद सुरू होतो. त्यासाठी सामाईक पाण्याच्या टाकीचे उदाहरण सोयीचे पडते. पाणी मोजता येते, साठवता येते, अडवता येते, आणि त्याच्यावाचून कुणाचेच चालत नाही.

समजा, एका गावात शंभर घरे आणि पाचशे माणसे आहेत. टेकाडावर ग्रामपंचायतीची टाकी आहे. तिच्यात पाणी येते ते एका शेतकऱ्याच्या खासगी विहिरीतून. टाकीसाठी वरच्या आळीतल्या घरांनी लोकवर्गणी दिली, चर खणायला श्रमदान केले. खालची वस्ती नंतर वसली. तिथली कुटुंबे भूमिहीन आणि मोठी आहेत, शिवाय ती जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला राहतात. गावात वीस गाईंचा एक गोठाही आहे आणि वस्तीतल्या काही जणांची मजुरी त्यावर चालते. पावसाळ्यात पाण्याची ददात नसते. एप्रिलमध्ये मात्र विहिरीचे पाणी खाली जाते आणि टाकीत दिवसाला वीस हजार लिटरच पडते. माणशी चाळीस लिटर. जलजीवन मिशनचे किमान प्रमाण माणशी ५५ लिटर आहे, म्हणजे हे पाणी त्यापेक्षाही कमी.

बहुतेक विद्यार्थ्यांचे पहिले उत्तर असते की सर्वांना सारखे द्या. पण सारखे म्हणजे कसे? घरटी वाटले तर प्रत्येक घराला दोनशे लिटर येतील. तीन माणसांच्या घरात ते माणशी सहासष्ट लिटर होतात आणि आठ माणसांच्या घरात पंचवीस. नळ सर्वांना सारखा वेळ, म्हणजे अर्धा तास, सोडायचा ठरवले तरी टोकाला दाब कमी असतो. त्यात वर कुणी नळाला मोटर लावली की खाली नुसती हवा येते. प्रत्येक वाटप कुठल्या तरी मापाने समान असतेच. कुठले माप धरायचे, हे समता हा शब्द सांगत नाही.

उपयुक्ततावादी यातून असा मार्ग काढतो की ज्या वाटपाने गावाचे एकूण सुख जास्तीत जास्त होईल ते वाटप बरोबर. जेरेमी बेंथमपासून चालत आलेला हा विचार निव्वळ आकडेमोड म्हणून झटकून टाकता येत नाही. गोठ्याला दिवसाला दीड हजार लिटर दिले तर माणशी तीन लिटर कमी होतात. तेवढी झळ सोसून गोठा टिकला, मजुरी टिकली, तर सौदा वाईट नाही. आता तेच दीड हजार लिटर शेवटच्या टोकाच्या पन्नास माणसांकडून घेतले, तर त्यांच्या वाट्याला माणशी दहाच लिटर उरतात. पिण्यात आणि स्वयंपाकात ते संपतात, आंघोळीला काही राहत नाही. वर्गात यावर लगेच आक्षेप येतो की उपयुक्ततावादाला दोन्ही हिशेब सारखेच. ते खरे नाही. पहिल्या दहा लिटरचे मोल शेवटच्या दहा लिटरपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे उपयुक्ततावादीही सहसा दुसरे वाटप नाकारेल. खरी अडचण त्याच्या पुढे आहे. तो ते नाकारतो कारण बेरीज कमी भरते, त्या पन्नास माणसांचा काही हक्क होता म्हणून नव्हे. उद्या बेरीज उलट भरली तर त्याच्याकडे त्यांच्या बाजूने बोलायला काही उरत नाही.

विहिरीचा मालक वेगळाच प्रश्न विचारतो. वाटप करणारे तुम्ही कोण? पाणी त्याच्या जमिनीतले, विहीर त्याने खणलेली. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार जमिनीखाली ठरीव प्रवाहात न वाहणारे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. त्यामुळे हे म्हणणे नुसते तात्त्विक नाही. या बाजूचा सर्वांत धारदार ग्रंथ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली लिहिला. कुणाकडे किती आहे हे पाहून न्याय ठरत नाही, ते त्याच्याकडे कसे आले यावरून ठरतो, असे त्यांचे म्हणणे. वस्तू मुळात रास्त मार्गाने मिळाली आणि पुढे राजीखुशीने हातोहात गेली, तर वाटप कितीही विषम असले तरी ते न्याय्य. वर्गणी आणि श्रमदान केलेली वरची आळीही थोडीफार याच भाषेत बोलते.

मात्र नोझिक यांचे पुस्तक न वाचता त्यांचे नाव घेणारे एक गोष्ट विसरतात. त्यांनी स्वतःच पाणवठ्याचे उदाहरण दिले आहे. वाळवंटातला एकमेव पाणवठा कुणालाही बळकावून हवा तो भाव लावता येणार नाही, आणि इतर सगळे पाणवठे आटून एकट्याचाच उरला तरीही त्याला तसे करता येणार नाही, असे ते लिहितात. याचे मूळ सतराव्या शतकातल्या जॉन लॉक यांच्या अटीत आहे. निसर्गातले काही आपले करताना इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, अशी ती अट. एप्रिलमध्ये परिसरातल्या बाकीच्या विहिरी कोरड्या पडल्या असतील, तर मालमत्तेच्या कट्टर समर्थकाच्या हिशेबानेही मालकाचा हात बांधला जातो. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नव्या विहिरीला मज्जाव केला, त्यालाही याच अंगाने समर्थन देता येते.

जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलेली युक्ती प्रसिद्ध आहे. गावाचे नियम ठरवताना आपण मालक आहोत, गोठेवाले आहोत की शेवटच्या नळावरचे, हे कुणालाच ठाऊक नाही असे समजायचे. या अज्ञानाच्या पडद्याआड बसलेला माणूस टोकाच्या घराची आधी काळजी घेईल, कारण पडदा उठल्यावर तो तिथेच सापडू शकतो. यावरून रॉल्स म्हणजे समान वाटा असा समज होतो आणि उत्तरपत्रिकांतून तो हमखास दिसतो. तो चुकीचा आहे. समजा, विहिरीची मोटर रात्री वीज असताना मालकानेच उठून चालवावी लागते. जास्तीचे काही मिळाले नाही तर तो सवडीने चालवतो आणि टाकीत सतराच हजार लिटर पडते, म्हणजे माणशी चौतीस. त्याच्या बागेसाठी हजार लिटर कबूल केले की वीस हजार पडते आणि ते वजा जाता माणशी अडतीस लिटर येतात. मालकाला जास्त मिळाले, पण सर्वांत खालच्या माणसालाही चार लिटर वाढले. अशी विषमता रॉल्स मान्य करतात. मालकाने ते पाणी मागावे का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. समाजवादी तत्त्वज्ञ जी. ए. कोहेन यांनी रॉल्स यांना नेमके इथेच पकडले. न्यायावर खरोखर विश्वास असणारा माणूस जादा पाणी न घेताही मोटर चालवेल, असा त्यांचा मुद्दा होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकाबाहेरही सोडवला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावापासून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता माणसांवर ठरला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनांनाही वाटा मिळाला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. खर्चाचा एक हिस्सा लाभधारकांनी उचलायचा होता. आणि उसाला बंदी होती.

ही उसाची बंदी स्वातंत्र्याच्या प्रश्नापाशी आणून सोडते. स्वतःच्या रानात काय लावायचे हे ठरवू न देणे म्हणजे उघड हस्तक्षेप. आयझाया बर्लिन यांनी १९५८ च्या ऑक्सफर्डच्या व्याख्यानात ज्याला नकारात्मक स्वातंत्र्य म्हटले, ते इथे कमी होते. पण पाणीच नसलेल्याच्या रानात कुणी हस्तक्षेप करत नाही, तरी त्याला काही पिकवता येत नाही. त्याला मोकळा म्हणायचे का? बर्लिन इथे सावध करतात. ऊसबंदी न्याय्य असू शकेल, पण तिला स्वातंत्र्य म्हणू नये. एका मूल्यासाठी दुसरे गमावले तर ते गमावले असेच म्हणावे. हा सल्ला मोलाचा आहे, कारण सगळी चांगली मूल्ये एकाच शब्दात कोंबायचा मोह राज्यशास्त्रात फार असतो.

फिलिप पेटिट यांनी १९९७ च्या ग्रंथात स्वातंत्र्याचे आणखी एक रूप पुढे आणले. समजा, व्हॉल्व्ह सोडणारा मालकाचाच माणूस आहे. तो भला आहे, खालच्या वस्तीला रोज पुरेसे पाणी सोडतो. हस्तक्षेप नाही, तुटवडाही नाही. तरी वस्तीतला माणूस ग्रामसभेत मालकाविरुद्ध हात वर करताना दोनदा विचार करतो, कारण पाणी त्याच्या मर्जीवर आहे. दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे हेच पेटिट यांच्या मते पारतंत्र्य, मग ती मर्जी कितीही चांगली असो. त्यावरचा उपाय लिटर वाढवणे हा नाही. व्हॉल्व्हची किल्ली कुणाकडे, वेळापत्रक कोण ठरवतो आणि तक्रार कुठे करायची, हे नियमाने बांधावे लागते.

महाडच्या चवदार तळ्याचा लढा या कल्पनेशिवाय नीट कळत नाही. तिथे पाणी कमी नव्हते. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते आणि महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सत्याग्रहींनी पाणी प्यायल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. लिटरच्या वाटपाचा कुठलाही सिद्धांत इथे अपुरा पडतो. तळ्याच्या काठावर समान माणूस म्हणून उभे राहण्याचा हा प्रश्न होता.

मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आंबेडकरांच्या बाजूने लागला, पण त्याचा आधार अरुंद होता. इतरांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, एवढ्यावर दावा फेटाळला गेला. ती रूढी मुळात वाजवी आहे का, हे तपासण्याची वेळच न्यायालयावर आली नाही. तो प्रश्न संविधानाने सोडवला. कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. मात्र ते राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेले किंवा सर्वांच्या वापरासाठी दिलेले असले पाहिजेत. म्हणून ग्रामपंचायतीची टाकी या कलमात येते. निव्वळ खासगी विहीर येत नाही. अस्पृश्यता पाळून तिथे कुणाला अडवले तर कलम १७ लागू होते, पण विहिरीच्या पाण्यात गावाचा वाटा किती, हे त्यातले कुठलेच कलम सांगत नाही.