ऑफर मागे घ्यायची, पण कोणत्या शब्दांत?

ऑफर लेटर हातात पडलं की घरात पेढे वाटले जातात. त्या पत्रातलं ‘पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक ठरल्यास’ हे वाक्य मात्र फारसं कुणी वाचत नाही. कंपनीला पुढे ऑफर मागे घ्यायची झाली, तर तिचा आधार हेच वाक्य असतं.

पडताळणीचं काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे असतं. ती जुन्या कंपनीच्या एचआरला ईमेल पाठवते, पदवी विद्यापीठाकडून तपासून घेते, पीएफच्या यूएएन क्रमांकावर नोंदलेल्या नोकऱ्या पाहते. अहवाल अनेकदा रंगांत येतो. लाल म्हणजे माहिती जुळली नाही, एवढंच. घाईतला एचआर मात्र लाल रंग पाहून ‘उमेदवार खोटारडा’ असं ठरवून मोकळा होतो.

समजा, उमेदवारानं आधीची नोकरी मार्च 2022 पर्यंत दाखवली आहे आणि पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख ऑक्टोबर 2021 आहे. मधल्या पाच महिन्यांचा अनुभव फुगवलेला असू शकतो. पण ती तारीख सहसा जुनी कंपनीच भरते आणि तिथेही चुका होतात. त्या महिन्यांचा पगार बँकेत जमा झालेला दिसला, फॉर्म 26एएसमध्ये त्याच कंपनीनं कापलेला टीडीएस सापडला, तर चूक उमेदवाराची नाही.

म्हणून पहिलं पत्र विचारणेचं असावं. कोणती तारीख जुळत नाही ते स्पष्ट लिहावं, अहवालाचा तेवढा भाग जोडावा आणि कागद द्यायला निदान पाच कामाचे दिवस द्यावेत. अमेरिकेत असा अहवाल वापरून नोकरी नाकारण्याआधी त्याची प्रत उमेदवाराला देणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आपल्याकडे हे बरंचसं कंपनीच्या सचोटीवर सोडलेलं आहे.

उत्तर आलंच नाही किंवा कागद पटले नाहीत, तर मग दुसरं पत्र: ‘आपण दिलेला नोकरीचा कालावधी आणि पडताळणीत मिळालेली नोंद यांत पाच महिन्यांचा फरक आहे. त्याबाबत आपला खुलासा आम्ही पाहिला. मात्र फरक दूर झाला नाही. त्यामुळे ऑफर लेटरमधील पडताळणीच्या अटीनुसार ही ऑफर मागे घेत आहोत.’ खुलासा आलाच नसेल, तर तसं लिहावं. ‘फसवणूक’, ‘बनावट’ हे शब्द इथे नकोत. कंपनीकडे पुरावा असतो तो फरकाचा, हेतूचा नाही. पत्राची प्रत जुन्या कंपनीला किंवा ओळखीच्या एचआर मंडळींना पाठवली, तर बदनामीचा दावा ओढवून घ्याल.

खरा अन्याय वेळेचा असतो. चालू नोकरीचा राजीनामा देऊन, नोटीस पिरियड संपवून माणूस दारात उभा राहतो आणि तेव्हा लाल अहवाल येतो. चालू कंपनीकडची विचारपूस सोडली, तर बाकी सगळी पडताळणी राजीनाम्याआधी उरकता येते. कंपन्यांनी ती तेव्हाच करावी. उमेदवारांनीही राजीनाम्याचा ईमेल पाठवण्याआधी पीएफच्या पोर्टलवर आपली नोकरी सोडल्याची तारीख एकदा पाहून घ्यावी.