चौदा मात्रांची होरी : धृपद, ख्याल आणि ठुमरी
कृष्ण पिचकारी मारतो आणि गोपी त्याला अडवते, या प्रसंगावरच्या रचना हिंदुस्थानी गायनातल्या तिन्ही प्रमुख प्रकारांत आहेत. धृपद गाणारे होरी धमार तालात गातात, ठुमरी गाणारे ती दीपचंदीत गातात, आणि विलंबित ख्यालासाठी झुमरा हा रुळलेला ताल आहे. तिन्ही ताल चौदा मात्रांचे आहेत आणि काव्याची भाषा बहुधा व्रज असते. तरीही एकच प्रसंग तीन ठिकाणी ऐकताना त्याचे तीन वेगळे अर्थ लागतात, कारण शब्दांचे काय करायचे, याबद्दल या तीन प्रकारांचे म्हणणे वेगवेगळे आहे.

तिन्हींत धृपद सर्वांत जुने. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंग तोमराच्या दरबारात (सुमारे 1486 ते 1516) ते बहरले. देवाची स्तुती, राजाचे वर्णन, ऋतू आणि नादाचे माहात्म्य हे त्याचे विषय, आणि मूळ धृपद मुख्यतः चौतालात, म्हणजे बारा मात्रांत गायले जाते. धमार हा त्याचाच थोडा मोकळा भाऊ. गायक आधी तालाविना, ‘री’, ‘न’, ‘नोम्’, ‘तोम्’ अशा अक्षरांवर दीर्घ आलाप करतो. रागाची सगळी उभारणी इथेच होते. पखवाज सुरू झाल्यावर बंदिश येते, आणि मग शब्द दुप्पट, तिप्पट, चौपट लयीत बांधून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक आणले जातात. ताना घेत नाहीत, हलक्या मुरक्याही नाहीत. गमक मात्र भारदस्त असते. धमाराची चौदा मात्रांची विभागणी 5, 2, 3, 4 अशी विषम असल्याने हा लयीचा खेळ अवघड आणि रंगतदार होतो. इथल्या होरीत गोपीची लाडिक तक्रार ऐकू येत नाही. उत्सवाचा थाट ऐकू येतो.

ख्यालाला आजचे रूप मिळाले ते दिल्लीच्या मोहम्मदशहाच्या काळात (1719 ते 1748). त्याच्या दरबारातले नियामत खाँ ‘सदारंग’ हे बीनकार आणि धृपदाच्या परंपरेतले. त्यांच्या रचना आजही ख्यालगायकांच्या संग्रहाचा मोठा भाग आहेत. जुन्या धृपदाचे स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे चार भाग असत. ख्यालात स्थायी आणि अंतरा एवढेच उरले, तेही दोन-दोन ओळींचे. बंदिश मुद्दाम आखूड ठेवलेली असते, कारण गायकाला जागा हवी असते. झुमऱ्याचे एक आवर्तन विलंबित लयीत मिनिटभरही चालू शकते. त्या अवकाशात गायक आलाप, बोल-आलाप, सरगम, ताना यांनी राग वाढवतो आणि मुखडा धरून समेवर येतो. शब्द इथे सुरांना आधार देतात; त्यांतली स्वरांची जागा त्यांच्या अर्थापेक्षा महत्त्वाची ठरते. म्हणूनच ख्यालात होरीचे शब्द कधीकधी नीट कळतही नाहीत. ती उणीव आहे, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. शब्दांचा चेंदामेंदा होऊन बंदिशीचे वजनच हरवले, तर ती नक्कीच उणीव आहे.

ठुमरीत हे नाते उलटते. लखनौला वाजिद अली शहाच्या काळात (1847 ते 1856) ती फुलली, पुढे बनारसने तिला संथ, भावपूर्ण वळण दिले. कथकच्या अभिनयाशी तिचा जवळचा संबंध होता आणि तवायफांच्या गळ्यात ती वाढली. बोलणारी बहुधा स्त्री असते. ती रुसते, वाट पाहते, खोटे रागावते. ‘रंग टाकू नकोस’ या एका विनवणीचा गायिका एकदा खरोखर राग दाखवेल, मग लाजून तेच म्हणेल, मग त्यात आमंत्रण भरेल. यालाच बोल-बनाव म्हणतात. भाव बदलावा म्हणून खमाज, काफी, पिलू, भैरवी अशा रागांत बाहेरचा स्वर घ्यायची मुभा असते. धृपदात किंवा ख्यालात तसे केले तर राग मोडला म्हणतील. दीपचंदीची विभागणी 3, 4, 3, 4 अशी. झुमऱ्याचीही तीच, पण ठेक्याच्या बोलांमुळे दीपचंदी डोलते. शेवटी तबलजी लग्गी लावतो, लय उसळते, आणि गायिका मुखडा धरून ठेवते.

सगळ्यांत जास्त घोळ ठुमरीत होतो. रागदारीची सवय असलेला गळा तिच्यात तानांची भर घालतो, आणि ओळीतली स्त्रीच दिसेनाशी होते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे मोठे ख्यालगायक. त्यांची ठुमरी गाजली, कारण त्यांनी एका शब्दावर सूर हळुवार रेंगाळू दिला. बनारसच्या सिद्धेश्वरी देवी आणि रसूलनबाईंच्या ध्वनिमुद्रणांत शब्द अधिक बोलका होतो.

महाराष्ट्रात ख्याल रुजवण्यात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा मोठा वाटा आहे. ते तो ग्वाल्हेरहून शिकून आले. कोल्हापूरला राहिलेल्या अल्लादिया खाँचे घराणे मूळचे धृपदियांचे, आणि त्यांच्या ख्यालातल्या लयीच्या गुंतवणीत ते कळते. आजच्या मैफलीत ख्यालानंतर ठुमरी येते. ख्याल संपून ठुमरी सुरू झाली, हे ओळखायला राग माहीत असण्याची गरज नाही: शब्द नीट ऐकू येऊ लागले आणि तोच शब्द दर वेळी निराळा अर्थ सांगू लागला, की पुरे.